फारसी तारोफ इंग्रजीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारोफ म्हणजे नेमकं काय?

इराणमध्ये चारचौघांत बोलताना माणूस स्वतःला एक पायरी खाली आणि समोरच्याला एक पायरी वर ठेवतो. त्यासाठी ठरलेले शब्द आहेत, ठरलेल्या कृती आहेत, आणि त्या सगळ्याला मिळून तारोफ म्हणतात. दारातून आधी कोणी जायचं यावरून दोघे दारातच अडून राहतात. हॉटेलात बिलावरून ओढाताण होते. पाहुणा चहा नको म्हणतो आणि यजमान तो घेऊनच येतो. नम्रतेनं बोलणारा स्वतःला 'मी' न म्हणता 'बंदे', म्हणजे सेवक म्हणतो. समोरचा बोलला तर तो 'फरमावतो', आपण बोललो तर 'अर्ज' करतो. पेशवाईतली पत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना ही भाषा फार परकी वाटणार नाही.

तारोफचा पसारा मोठा आहे. हे पान त्यातल्या एकाच भागाबद्दल आहे: काहीतरी देऊ करणं आणि ते नाकारणं. भाषांतरात सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात, आणि ते पैशांपर्यंत, औषधापर्यंत, कधी कोर्टापर्यंत जातात.

शब्द तर सोपे असतात. मग इंग्रजीत अडतं कुठे?

इंग्रजीत कोणी काही देऊ केलं आणि तुम्ही नको म्हणालात, की विषय बहुतेक वेळा तिथेच संपतो. पहिलं उत्तर हेच खरं उत्तर धरलं जातं. फारसीत पहिली फेरी मान देण्याची असते आणि खरा निर्णय त्यानंतर होतो. म्हणजे पहिल्या 'घ्या'चा आणि पहिल्या 'नको'चा अर्थ त्या क्षणी अजून ठरलेलाच नसतो. भाषांतर करणारा एकेक वाक्य सुटं घेऊन चालला, की न ठरलेली गोष्ट इंग्रजीत ठरलेली होऊन बसते.

म्हणून मी नेहमी एकच सांगते: वाक्याचं भाषांतर करू नका, देवघेवीचं करा. आधी संवादाच्या शेवटी काय झालं ते पाहा. पैसे दिले का? चहा घेतला का? पाहुणे आत गेले का? ते कळल्यावर मागे या आणि पहिलं वाक्य असं लिहा, की त्यातून त्या शेवटापर्यंत सहज पोचता येईल.

एखादं उदाहरण ओळीओळीनं दाखवाल का?

तेहरानमधली टॅक्सी घेऊ. प्रवासी उतरतो आहे.

प्रवासी: चेगद्र तगदीम कोनम?
चालक: गाबेल नदारे.
प्रवासी: खाहेश मीकोनम.
चालक: मेहमूने मा बाशीद.
प्रवासी: लोत्फ दारीद. चेगद्र शोद?
चालक: सद-ओ-पंजाह तोमन.

मराठीत शब्दशः सांगायचं तर: 'किती अर्पण करू?' 'तुमच्या योग्यतेचं नाही.' 'विनंती करतो.' 'आमचे पाहुणे व्हा.' 'तुमची कृपा आहे. किती झाले?' 'दीडशे तोमन.'

हेच शब्दशः इंग्रजीत टाकलं तर काय होतं? चालक म्हणतो, "इट हॅज नो वर्थ", मग म्हणतो, "बी अवर गेस्ट", आणि लगेच भाडं सांगतो. फारसी न जाणणाऱ्या वाचकाला वाटतं, या माणसानं दोनदा फुकट म्हटलं आणि तिसऱ्यांदा शब्द फिरवला. प्रवासीही विचित्र दिसतो, कारण मिळालेली सवलत तो उगाच झिडकारतो आहे. मुळात यातलं काहीच घडलेलं नाही. भाडं द्यायचं आहे हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत होतं.

मी हे असं करीन: "व्हॉट डू आय ओ यू?" "ओह, डोन्ट वरी अबाउट इट." "नो, प्लीज." "रिअली, इट्स फाइन." "दॅट्स काइंड ऑफ यू, बट आय कान्ट. हाउ मच?" "अ हंड्रेड अँड फिफ्टी."

यात काय काय केलं ते पाहा. "डोन्ट वरी अबाउट इट" हे इंग्रजीतही नुसत्या सौजन्यानं म्हटलं जातं. ते म्हणणारा नंतर पैसे घेतो तेव्हा तो खोटा ठरत नाही. "बी माय गेस्ट" मी मुद्दाम टाळलं, कारण त्यातून 'पैसे माझ्याकडून' किंवा 'खुशाल करा' असा पक्का अर्थ निघतो. पण सगळ्यात महत्त्वाचे शब्द चालकाचे नाहीतच, ते प्रवाशाचे आहेत: "बट आय कान्ट." चालकाचं म्हणणं ही रीत आहे हे इंग्रजी वाचकाला प्रवाशाच्या उत्तरातून कळतं. हा उपाय बहुतेक ठिकाणी चालतो. देणाऱ्याचं वाक्य ओढूनताणून समजावण्यापेक्षा घेणाऱ्याच्या उत्तरात खूण ठेवावी.

'खाहेश मीकोनम'कडेही लक्ष असू द्या. तेच शब्द 'कृपया' म्हणून येतात, आभारांना उत्तर म्हणून येतात आणि 'छे छे, असं काय म्हणता' या अर्थानंही येतात. इथे तिसरा अर्थ आहे.

शेवटी तोमन. अधिकृत चलन रियाल असलं तरी बोलण्यात दहा रियालांचा एक तोमन चालतो, आणि आजच्या किमतींत 'दीडशे तोमन' म्हणजे दीडशे हजार असतात, 'हजार' गाळलेलं असतं. कथेत किंवा पडद्यावर नुसता आकडा पुरतो. हिशेबाच्या कागदावर मात्र पूर्ण रक्कम आणि चलनाचं नाव लिहायलाच हवं.

'गाबेल नदारे'ला एकच इंग्रजी शब्दप्रयोग ठरवून टाकता येणार नाही का?

नाही. दुकानदार म्हणतो तेव्हा ते टॅक्सीवाल्यासारखंच असतं, पैसे द्यायचे असतात. भेट देणारा म्हणतो तेव्हा वस्तू खरोखर दिलेली असते, आणि तिथे "इट्स जस्ट अ लिटल समथिंग" चपखल बसतं. तुम्ही एखाद्याच्या अंगावरच्या शालीची तारीफ केली आणि तो हे म्हणाला, तर तिसरीच गोष्ट. तीन प्रसंग, तीन वाक्यं. भाषांतराची यादी ठेवत असाल तर शब्दासमोर प्रतिशब्द न लिहिता प्रसंग लिहून ठेवा.

तारीफ केलेली वस्तू खरंच देऊन टाकतात का?

तुम्ही म्हणता, किती सुंदर फुलदाणी आहे. घरमालकीण म्हणते, 'पीशकेश', म्हणजे तुम्हाला अर्पण. मराठीत पेशकश हा शब्द खंडणी-नजराण्याच्या अर्थानं आला, हा तोच. उत्तर ठरलेलं असतं: 'साहेबेश गाबेल दारे', जिची आहे तिचीच योग्यता मोठी. फुलदाणी जागेवरच राहते.

"इट्स यूअर्स" लिहिलंत तर पुढच्या पानावर ती फुलदाणी पाहुणीच्या घरी का नाही, हा प्रश्न वाचकाला पडणार. त्याऐवजी "यू मस्ट हॅव इट!" असं उत्साहानं म्हणू द्या आणि पाहुणीला "ओह नो, इट बिलाँग्ज राइट हिअर" असं उत्तर द्या. दुसऱ्या वाक्यात मूळ शब्द सुटतात हे खरं. पण मूळ उत्तराचं काम होतं वस्तू परत करणं आणि मालकिणीचा मान राखणं, ती दोन्ही कामं होतात.

नकार आला की 'नो, थँक यू' लिहिलं तर काय बिघडतं?

इंग्रजीत "नो, थँक यू" हे झाकण आहे, विषय बंद होतो. फारसी पाहुण्याचा पहिला नकार बहुधा दार किंचित उघडं ठेवणारा असतो. तो सहसा 'मला नको' असं म्हणतही नाही. तो म्हणतो 'झहमत नकेशीद', त्रास घेऊ नका, किंवा 'मोझाहेम नेमीशम', तुम्हाला अडचण करत नाही. यात त्याच्या इच्छेबद्दल चकार शब्द नाही. सगळी चिंता यजमानाच्या कष्टांची आहे.

भाषांतरात हेच टिकवायचं. "प्लीज डोन्ट गो टू एनी ट्रबल" किंवा "आय कुडन्ट पॉसिबली" यांत इंग्रजी वाचकालाही 'अजून एकदा विचारा' हे ऐकू येतं. त्यानंतर यजमान चहा घेऊन आला आणि पाहुण्यानं तो घेतला, तर कोणालाच खटकत नाही. "आय डोन्ट वॉन्ट एनी" म्हणणाऱ्यानं चहा घेतला तर खटकतं.

खरा नकार वेगळा दिसतो. त्याला कारण जोडलेलं असतं आणि ते कारण पाहुण्याच्या बाजूचं असतं: आत्ताच घेतला, डॉक्टरनी मना केलंय, रात्री झोप येत नाही. तिथे सरळ "आय रिअली कान्ट, डॉक्टर्स ऑर्डर्स" लिहून मोकळं व्हावं.

मनापासूनचं आमंत्रण आणि रीतीचं आमंत्रण वेगळं कसं ओळखायचं?

हा प्रश्न इराणी लोकांनाही पडतो, तेव्हा शंभर टक्के खात्रीची कसोटी मागू नका. तीनदा विचारलं तर खरं, असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीला तेवढं धरून चालायला हरकत नाही, पण मोजणीवर फार विसंबू नये. जवळच्या मित्रांत एकदाच विचारलेलंही खरं असतं, आणि औपचारिक भेटीत चौथ्यांदा विचारलेलंही कधी रीतीचंच असतं.

मी तीन गोष्टी पाहते. पहिली, तपशील. गप्पा संपल्यावर घराच्या दाराशी उभं राहून 'बेफरमायीद तू, ये चाय दर खेदमत बाशीम' म्हटलं, म्हणजे 'आत या, एक चहा तरी घ्या', तर ते बहुधा निरोपाचंच रूप असतं. पण 'शुक्रवारी दुपारी या, गोर्मे सब्झी करणार आहे' म्हटलं, तर वार ठरला, वेळ ठरली, पदार्थही ठरला. हे आमंत्रण आहे.

दुसरी, हात काय करतात ते. टॅक्सीवाला तोंडानं नको म्हणतोय आणि गाडी थांबवून बसलाय, तर तो भाड्याची वाट पाहतोय. तो नोटा परत तुमच्या खिशात कोंबतोय आणि गिअर टाकतोय, तर प्रकरण वेगळं. चित्रपटात हे दिसतं. नुसत्या लेखी मजकुरात लेखकानं दिलेल्या हालचाली काळजीपूर्वक वाचाव्या लागतात.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस स्वतःच तारोफ बाजूला ठेवल्याचं सांगतो का. 'बी-तारोफ मीगम', तारोफ न करता सांगतो. 'जेद्दी मीगम', खरंच सांगतो. 'तारोफ नकोनीद', तुम्ही तारोफ करू नका. हे शब्द आले की आग्रहाचं वजन वाढतं. तरीही सावध राहा, कारण 'तारोफ नकोनीद' हे वाक्य स्वतःच तारोफचा भाग म्हणूनही वापरतात. ताटात आणखी भात वाढताना ते जवळजवळ सवयीनं येतं.

मागे काहीच नसलेल्या आमंत्रणाला फारसीत 'शाह-अब्दोलअझीमी तारोफ' म्हणतात. तेहरानच्या दक्षिणेला रेय इथे शाह अब्दोलअझीमचा दर्गा आहे, त्यावरून. मजकुरात हा प्रयोग आला तर स्थळाचं नाव सोडून "ॲन एम्प्टी इन्व्हिटेशन" म्हणणं पुरेसं आहे.

आमंत्रणाला 'येऊ' असं उत्तर दिलं आणि कोणी गेलंच नाही, हे इंग्रजीत खोटेपणा वाटत नाही का?

वाटतं, जर तुम्ही "वी विल कम" लिहिलंत तर. 'खेदमत मीरसीम', म्हणजे आपल्या सेवेत हजर होऊ, हे रीतीच्या आमंत्रणाचं रीतीचं उत्तर आहे. "वी'ल हॅव टू डू दॅट समटाइम" म्हटलं की इंग्रजी वाचकाला त्यातला मोकळेपणा नेमका कळतो, कारण त्या भाषेतही न ठरलेली भेट याच शब्दांत ठेवतात. पुढे 'एन्शाल्ला' आलं असेल तर ते वेगळं सांगायची गरज बहुतेक वेळा नसते. "समटाइम"मध्ये ते येऊन गेलेलं असतं.

आणि देणारा खरंच मनापासून देत असेल तर?

तर भाषा घट्ट करा. रीतीच्या वाक्यांना मोकळी इंग्रजी दिली असेल, तर खऱ्या वाक्याला पक्की इंग्रजी देता येते आणि वाचकाला फरक जाणवतो. "डोन्ट वरी अबाउट इट"नंतर "नो, लिसन. आय'म नॉट टेकिंग युवर मनी." पहिल्यापासूनच सगळं पक्कं लिहिलं असेल तर इथे चढायला पायरीच उरत नाही. एका घरातल्या लग्नाच्या तयारीवरचा मजकूर तपासताना हे फार स्पष्ट दिसलं होतं. मामा शेवटी खरंच सगळा खर्च उचलतो, पण आधीच्या प्रत्येक नातेवाइकाला भाषांतरकारानं "आय विल पे फॉर एव्हरीथिंग" असं बोलायला लावलं होतं, त्यामुळे मामाचा मोठेपणा कुठे उमटलाच नाही.

चित्रपटाच्या उपशीर्षकांत एवढी जागा कुठे असते?

नसतेच. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, दोन ओळी, आणि वाचायला काही सेकंद. तारोफच्या फेऱ्या भराभर होतात, दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. अशा वेळी प्रत्येक वाक्य पकडू नका. चार फेऱ्यांच्या दोन करा, पण किमान दोन ठेवा. एकच ठेवली तर इंग्रजी प्रेक्षकाला ते साधं विचारणं आणि साधा नकार वाटेल. दुसरी फेरी दिसली की ही रीत आहे हे त्याला आपोआप कळतं. चित्र तुमच्या मदतीला असतंच. हात छातीवर ठेवून किंचित झुकणारा माणूस पडद्यावर दिसत असेल तर शब्दांत नम्रता कोंबायची गरज नाही.

तळटीप द्यावी का? की 'तारोफ' हा शब्दच इंग्रजीत ठेवावा?

कथा-कादंबरीत तळटीप मला आवडत नाही, वाचक संवादातून बाहेर पडतो. पात्रं स्वतः तारोफबद्दल बोलत असतील, उदाहरणार्थ आई मुलाला म्हणते 'तारोफ नको करूस, खा', तर शब्द ठेवायला हरकत नाही. एकदा प्रसंगातून अर्थ कळला की पुढे तो चालून जातो. प्रवासाची माहिती, कामाची पत्रं, मुलाखतीचं टिपण अशा ठिकाणी मात्र एक सरळ वाक्य जोडावं: 'ही सौजन्याची रूढ भाषा आहे, पैसे नकोत असा अर्थ नाही.'

दवाखान्यात दुभाषी म्हणून काम करताना काय करायचं?

समजा, शस्त्रक्रियेनंतर नर्स विचारते, "डू यू वॉन्ट समथिंग फॉर द पेन?" आजी म्हणतात, 'न, झहमत नकेशीद.' दुभाष्यानं "नो, थँक यू" म्हटलं की नर्स पुढच्या खाटेकडे जाते आणि आजी रात्रभर कण्हत पडतात. "नो, प्लीज डोन्ट ट्रबल युवरसेल्फ" म्हटलं तर निदान आजींचे शब्द जसे होते तसे पोचतात: त्यांनी वेदना नाहीत असं म्हटलेलं नाही, तुम्हाला त्रास नको असं म्हटलं आहे.

पण एवढ्यावर थांबू नये. इथे दुभाष्यानं आपण दुभाषी म्हणून बोलतोय हे स्पष्ट करून नर्सला सांगावं, की हा नकार सौजन्याचा असू शकतो, पुन्हा विचारून पाहा. आणि प्रश्नाचा साचा बदलता आला तर उत्तम. 'हवं का' ऐवजी 'दहापैकी किती दुखतंय' विचारलं की तारोफला जागाच राहत नाही. 'गोळी देणं माझं कामच आहे, त्रास काही नाही' हेही चालतं, कारण आजींची अडचण नेमकी तीच होती. हीच सूचना उलट्या बाजूनं आजींनाही द्यावी: इथे एकदाच विचारतात, तेव्हा हवं असेल तर आत्ताच सांगा. स्वतःच्या अंदाजानं "येस, शी वॉन्ट्स इट" असं मात्र कधीही बोलू नये. आजींना गोळी खरंच नको असेल, हीही शक्यता आहेच.

कोर्टात किंवा पोलिसांसमोर हाच उपाय चालेल?

नाही, इथे मी वर सांगितलेलं बरंचसं उलटं होतं. समजा, गालिचाचा व्यापारी साक्ष देतोय: 'बेहेश गोफ्तम गाबेल नदारे', मी त्याला म्हणालो गाबेल नदारे. कथेत मी "डोन्ट वरी अबाउट इट" लिहिलं असतं. कोर्टात तेच म्हटलं तर व्यापाऱ्यानं पैसे सोडून दिले, असा अर्थ लावायला समोरच्या वकिलाला मोकळं रान मिळतं. इथे मूळ शब्द ठेवावेत: "आय सेड टू हिम, इट इज नॉट वर्दी ऑफ यू." वाक्य विचित्र वाटेल, आणि वाटलेलंच बरं, कारण मग कोणीतरी विचारेल की याचा अर्थ काय. कोणी विचारलं नाही, तर न्यायाधीशांची परवानगी घेऊन सांगावं की हा विक्रीच्या वेळचा रूढ शब्दप्रयोग आहे, अर्थ साक्षीदाराला विचारावा. अर्थ आपण लावून देऊ नये.

कामाच्या मोबदल्याची बोलणी इंग्रजीत नेताना?

तुम्ही इराणी चित्रकाराला किंमत विचारता आणि तो लिहितो, 'हर जूर खोदेतून सलाह मीदूनीद', तुम्हाला योग्य वाटेल तसं. "पे व्हॉटेव्हर यू लाइक" असं भाषांतर गेलं की परदेशी ग्राहक मनाला येईल तो आकडा टाकतो, आणि दोघांचंही मन कडू होतं. "आय'म हॅपी टू बी गाइडेड बाय यू ऑन द फी" यात सौजन्य राहतं आणि बोलणी अजून व्हायची आहेत हेही राहतं. सोबत ग्राहकाला वेगळ्या ओळीत सांगावं, की आकडा तुम्ही सुचवा किंवा त्यांना पुन्हा विचारा, त्यांनी दर सोडलेला नाही. व्यवहाराच्या भाषांतरात ही जोड-ओळ मी वगळत नाही.

मराठी माणसाला हे समजायला सोपं जातं का?

देवघेवीची जाण आपल्याकडे आहे. पंगतीतला आग्रह ज्यानं पाहिला आहे, त्याला पहिला 'पुरे' हा खरा 'पुरे' नसतो हे शिकवावं लागत नाही. पुण्यात शिकायला आलेल्या इराणी विद्यार्थ्यांशी मैत्री झालेले मराठी लोक हे लगेच ओळखतात. पण याच ओळखीमुळे एक चूक होते. आपला आग्रह मुख्यतः जेवणाखाणाचा, घरातला. दुकानात, टॅक्सीत, दुरुस्तीवाल्याकडे आपण सरळ भाव करतो. इराणमध्ये रीत तिथेही चालते. 'पाहुणे व्हा' हे टॅक्सीत ऐकून मराठी भाषांतरकारही फसतो, कारण आपल्याकडे रिक्षावाला असं म्हणाला तर ते खरंच असतं.

तारोफ फसल्याचाच प्रसंग असेल तर?

फारसीत म्हणच आहे: 'तारोफ आमद-नयामद दारे.' तारोफ कधी लाभतो, कधी अंगाशी येतो, म्हणजे समोरचा 'हो' म्हणू शकतो. कथेत लहान मूल किंवा परदेशी पाहुणा शब्द खरे धरतो आणि गंमत होते, किंवा भांडण होतं. अशा ठिकाणी वर सांगितलेली सगळी मोकळी इंग्रजी बाजूला ठेवावी लागते. दुकानदार "ओह, डोन्ट वरी अबाउट इट" म्हणाला आणि पाहुणा खेळणं घेऊन चालू लागला, तर इंग्रजी वाचकाला पाहुणा आगाऊ वाटेल. दोष त्याचा नाही हे दिसायला हवं, म्हणून दुकानदाराचं वाक्य पक्कं करा: "प्लीज, टेक इट, इट्स नथिंग." आता पाहुण्यानं ते घेणं स्वाभाविक वाटतं. आणि दुकानदाराची पंचाईत पुढच्या ओळीत येते. तो दारापर्यंत मागे जातो आणि हसत हसत विचारतो, "शॅल आय रॅप इट फॉर यू? अँड विल दॅट बी कॅश?"